अधिक ज्येष्ठ, निज ज्येष्ठ आणि आमचे इंदूर

गेल्या वर्षी गणराय २७ ऑगस्टला आले होते. यंदा ते १४ सप्टेंबरला आले. त्याआधी २०२३ साली १९ सप्टेंबर, २०२४ साली ७ सप्टेंबर. म्हणजे दोन वर्षे तारीख अकरा-बारा दिवसांनी मागे सरकत आली आणि यंदा एकदम अठरा दिवस पुढे उडी मारून गेली. मंडळाच्या बैठकीत दरवर्षी सभागृहाच्या आरक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतेच, "गणपती एका तारखेला का बसत नाहीत?" यंदा उत्तर सोपे होते : मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ होऊन गेला. पण "अधिक महिना होऊन गेला" म्हणजे नेमके काय झाले, हे सांगायची वेळ आली तेव्हा आमच्यातले निम्मे लोक अडखळले. म्हणून हा लेख.

चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. ऋतू मात्र सूर्याच्या ३६५ दिवसांनी चालतात. दरवर्षी अकरा दिवसांची ही तूट जर कुणी भरून काढली नाही, तर गणेश चतुर्थी भाद्रपदातच राहील, पण भाद्रपद पावसात राहणार नाही. तो उन्हाळ्यात जाईल, मग हिवाळ्यात, आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून परत येईल. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा रमजान असाच फिरतो, कारण त्यांच्या पंचांगात ही भरपाई मुद्दाम ठेवलेली नाही. आपल्याकडे ती ठेवली आहे, आणि ती फार जुनी आहे. ऋग्वेदातल्या वरुणसूक्तात बारा महिन्यांखेरीज जन्मणाऱ्या आणखी एका महिन्याचा उल्लेख आहे.

वेदांगज्योतिषात हा हिशेब अगदी ठरावीक होता. पाच वर्षांचे एक युग, त्यात ६२ चांद्रमास, म्हणजे साठावर दोन अधिक : एक युगाच्या मध्याला, एक शेवटी. महाभारतातल्या विराटपर्वात हाच हिशेब एका भांडणाच्या मुळाशी आहे. अज्ञातवास संपण्याआधीच अर्जुन ओळखला गेला, असे दुर्योधनाचे म्हणणे. भीष्म उत्तर देतात की दर पाच वर्षांत दोन महिने वाढतात, ते धरले तर तेरा वर्षे पुरी होऊन पाच महिने आणि बारा रात्री उलटून गेल्या आहेत. अधिक महिना मोजायचा की नाही, यावर तिथे राज्य अवलंबून होते.

पाच वर्षांत दोन हे प्रमाण मात्र थोडे जास्त पडते. ६२ चांद्रमासांचे सुमारे १८३१ दिवस होतात आणि पाच सौरवर्षांचे १८२६. पुढे सूर्यसिद्धान्ताने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात १५,९३,३३६ अधिमास सांगितले. भागाकार केला तर साधारण साडेबत्तीस सौर महिन्यांनी एक अधिक येतो. आजी-आजोबांच्या तोंडी असलेले "बत्तीस महिने, सोळा दिवस, चार घटिका" ते हेच. ज्यांना हा सगळा इतिहास मुळातून वाचायचा असेल त्यांनी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा १८९६ सालचा ग्रंथ शोधावा. दापोलीजवळच्या मुरूडच्या या शिक्षकाने असे काम मराठीत केले, याचे आम्हाला अजून आश्चर्य वाटते.

पण सरासरी ही सरासरीच. कोणता महिना अधिक, हे कुणी बत्तीस महिने मोजून ठरवत नाही. नियम एकच आहे : ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. एका अमावास्येच्या अंतापासून पुढच्या अमावास्येच्या अंतापर्यंत सूर्याने रास बदलली तर महिन्याला नाव मिळते, नाही बदलली तर त्याला स्वतःचे नाव मिळत नाही आणि तो पुढच्या महिन्याचे नाव उसने घेतो. यंदाचेच पाहा. सूर्य १५ मे रोजी सकाळी वृषभेत गेला. वैशाखातली अमावास्या १६ मेच्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास संपली. तिथून नवा महिना सुरू. तो १५ जूनला सकाळी साडेआठच्या आतच संपला, आणि सूर्य मिथुनेत गेला त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तासांचा फरक. तेवढ्याने संक्रांत पुढच्या महिन्यात गेली, आधीचा महिना कोरा राहिला आणि १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ झाला. लगेच मागून आला तो निज ज्येष्ठ.

हे समजले की आणखी एक कोडे सुटते. अधिक श्रावण, अधिक भाद्रपद, अधिक आश्विन आपण पाहिले, पण अधिक पौष कुणी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात सूर्याला एक रास ओलांडायला साडेएकतीस दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून दोन संक्रांतींमध्ये एक अख्खा चांद्रमास सहज मावतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्याची गती वाढते, रास साडेएकोणतीस दिवसांत उरकते, तिथे महिना मावायला जागाच नाही. उलट तिथे कधीतरी एकाच महिन्यात दोन संक्रांती येतात आणि महिन्याचा क्षय होतो. १९८३ च्या सुरुवातीला माघाचा असा क्षय झाला होता. त्याची भरपाई म्हणून आधी आश्विन अधिक आला होता आणि नंतर लगेच फाल्गुन. आमच्यातल्या ज्येष्ठांना त्या वर्षीचा गोंधळ आठवतो.

कोकणातून आलेल्या आमच्या काही घरांत टिळक पंचांग चालते. त्यात राशिचक्राचा आरंभ वेगळ्या तारकेपाशी धरल्याने संक्रांती सुमारे चार दिवस आधी पडतात. वर पाहिले तसे साडेचार तासांनी जिथे महिना बदलतो, तिथे चार दिवसांनी काय होईल हे उघड आहे. अधूनमधून या घरांचा अधिक महिना वेगळा येतो आणि क्वचित त्यांचा गणपतीही महिनाभर आधी बसतो.

हे झाले मराठी पंचांगापुरते. आमची खरी अडचण इंदुरात राहण्याची आहे. होळकरांच्या मागोमाग इथे आलेल्या घरांनी आपली अमान्त गणना आणली : महिना शुद्ध प्रतिपदेला सुरू, अमावास्येला पुरा. माळव्यातले आमचे शेजारी पूर्णिमान्त पाळतात, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षात दोघांचे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढे असते. म्हणून त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आता यात अधिक महिना आला की काय होते? अधिक महिना मात्र त्यांच्याकडेही प्रतिपदा ते अमावास्या असाच धरतात. त्यामुळे तो त्यांच्या ज्येष्ठाच्या मधोमध बसतो : २ ते १६ मे ज्येष्ठाचा पहिला, कृष्ण पक्ष, मग महिनाभर अधिक, मग १५ जूनपासून ज्येष्ठाचा उरलेला शुक्ल पक्ष. एरवी पंधरा दिवस एकमेकांशी न जुळणारी दोन घरे अधिक महिन्यात दिवसाला दिवस जुळतात.

सण मात्र जुळत नाहीत. शेजारच्या वहिनींनी वडाची पूजा १६ मेच्या अमावास्येला केली. आमच्या घरची वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, २९ जूनला. एरवी या दोन पूजांत पंधरवड्याचे अंतर असते, यंदा ४४ दिवसांचे पडले. सण निज महिन्यात करायचे हा नियम, पण त्यालाही अपवाद आहे. गंगा दशहरा अधिक ज्येष्ठातच करतात, म्हणून तो यंदा २५ मेला झाला.

खरी चूक होते ती श्राद्धाच्या तिथीत. आमच्यातल्या एका घरात आईचे श्राद्ध ज्येष्ठ वद्य पंचमीला असते. मुलांनी गुरुजींना फोनवर तेवढेच सांगितले. गुरुजी स्थानिक, पंचांग पूर्णिमान्त. त्यांनी मेच्या पहिल्या आठवड्यातला दिवस दिला. त्या दिवशी आमच्या पंचांगात वैशाख वद्य पंचमी होती. आईची तिथी निज ज्येष्ठात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात येत होती, आणि गुरुजींच्या पंचांगात त्या दिवसाला आषाढ कृष्ण पंचमी म्हणतात. साध्या वर्षी ही चूक एका महिन्याची झाली असती, अधिकामुळे दोन महिन्यांची झाली. थोरल्या आत्याबाईंनी "अगं, अजून आपला ज्येष्ठ लागला कुठे?" असे विचारले म्हणून ती वेळेत कळली. गुरुजींचा दोष नव्हता, त्यांनी सांगितलेल्या तिथीचा दिवस बरोबर काढला होता.

ज्याचा मृत्यू अधिक महिन्यात झाला, त्याचे श्राद्ध पुढच्या साध्या वर्षांत त्याच नावाच्या महिन्यात करतात, आणि तोच महिना पुन्हा अधिक आला तर त्या अधिकात. अधिकात जन्मलेल्या मुलाचा तिथीने वाढदिवसही असाच त्या नावाच्या महिन्यात येतो. लग्न, मुंज, वास्तुशांत या महिन्यात करत नाहीत, नवे व्रत धरत नाहीत. नित्याची पूजा, बारसे, आजारपणातली शांत यांना अडकाठी नाही. ज्याला संक्रांत नाही तो मलमास, आणि त्याला कुणी देव वाली नाही म्हणून विष्णूने आपले नाव दिले तो पुरुषोत्तम मास, ही कथा पोथीत आहेच. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे, तिथे या महिन्यात मोठी गर्दी होते.

आमच्याकडे मात्र या महिन्याची ओळख म्हणजे जावयाचे वाण. तेहतीस अनारसे, ताटात दिवा, लेकीची ओटी. मराठवाड्यातून आलेल्या घरांत पुरणाचे धोंडे करतात, म्हणून त्यांच्याकडे हा धोंड्याचा महिना. तेहतीस का, तर कुणी तेहतीस कोटी देव सांगते, कुणी तेहतिसाव्या महिन्यात येतो म्हणून सांगते. दुसरे उत्तर आम्हाला जास्त पटते. वाणाला जाळीदार जिन्नस लागतो, आणि अनारशाला जाळी पडणे हे नशिबाचे काम. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत जरा ओलसर ठेवूनच कुटायचे. पार सुकले की अनारसा कडक होतो, ओल जास्त राहिली की तुपात विरघळतो. यंदा मेच्या उन्हात निम्म्या घरांचे पीठ बिघडले आणि त्यांनी सरळ बत्तासे दिले. बत्ताशालाही जाळी असते, त्यामुळे जावयांना तक्रारीला जागा उरली नाही.

पुढच्या वर्षी गणपती ४ सप्टेंबरला, त्यापुढच्या वर्षी २३ ऑगस्टला. सभागृहाचे आरक्षण त्याप्रमाणे करून ठेवले आहे. आणि ज्या घरात ती श्राद्धाची गडबड झाली, तिथल्या सुनेने तिथ्यांच्या वहीत प्रत्येक वद्य तिथीपुढे आता दोन नावे लिहिली आहेत, एक आपले आणि एक गुरुजींचे.