परिस्थितीची निवड
भावना उद्भवण्यापूर्वीच, ती चेतवणाऱ्या प्रसंगात जायचे की नाही हे ठरवून तिचे नियमन करण्याची पद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये मांडलेल्या प्रक्रिया-प्रतिमानातील पाच टप्प्यांपैकी हा पहिला टप्पा होय. पुढचे टप्पे असे : परिस्थितीत बदल, अवधानाची दिशा, अर्थबदल व प्रतिक्रियेचे नियंत्रण (पहा : भावनानियमन).

भावना भडकल्यावर ती आवरण्यास बरेच प्रयत्न लागतात. येथे निर्णय मन शांत असताना होतो. उदा., कार्यालयाच्या गटावरील रात्रीचे संदेश वाचून संतापणारी व्यक्ती आधी काही दिवस राग केव्हा व कशाने येतो याची नोंद ठेवते. राग जेवणानंतर अंथरुणात फोन चाळताना येतो, असे दिसल्यास ती फोन नऊ वाजता स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि संदेश सकाळी कामावर पोहोचल्यावर पाहते. फोन जवळ ठेवून केवळ सूचनांचा आवाज बंद करणे हा परिस्थितीतील बदल ठरतो. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसटच असते.

आपल्याला पुढे काय वाटेल याचा अंदाज अनेकदा चुकतो, ही या पद्धतीची एक मर्यादा (पहा : भावनिक पूर्वानुमान). दुसरी अधिक गंभीर आहे. भीतीदायक प्रसंग टाळल्याने तत्काळ सुटकेची भावना मिळते व टाळण्याची सवय पक्की होते. भीती निराधार असल्याचा अनुभव मात्र येत नाही. टाळायच्या जागांची यादी वाढत जाणे हे या सवयीचे लक्षण. अशा वेळी उपचारात त्या प्रसंगांना क्रमाक्रमाने सामोरे जावे लागते (पहा : दुर्भीती, वर्तनोपचार).