मेंढ्याचा बांबू, नागपूरची भिशी

गावात माणुसकी असते आणि शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, हे विधान तपासून पाहण्याची सोयच नसते. ‘सामाजिक भांडवल’ म्हणजे परस्परविश्वासाच्या बळावर तडीस जाणारे काम, असे मानले तर मात्र तीन प्रश्न विचारता येतात. या विश्वासात प्रवेश कोणाला? शब्द मोडला तर कळते कसे? आणि मोडणाऱ्याचे काय जाते?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातले छोटे गोंड गाव. तिथे ग्रामसभेतला निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. गावात राहणारा प्रत्येक प्रौढ त्यात असतो. जंगलावर गावकरीच लक्ष ठेवतात, त्यामुळे चोरून तोडलेला बांबू लपत नाही. शब्द मोडणाऱ्याला त्याच माणसांत जन्म काढायचा असतो. २००९ साली वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचा अधिकार वनखात्याने सोडला नव्हता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. गावातल्या एकीने जंगल राखले. ते विकण्यासाठी मात्र गावाबाहेरचे धागे लागले.

आता नागपूर. समजा, एखाद्या वस्तीत दहा जणांची भिशी आहे; दरमहा प्रत्येकी दोन हजार रुपये. पहिल्या महिन्यात वीस हजार उचलणारा खरे तर अठरा हजारांचा कर्जदार ठरतो, आणि शेवटी उचलणारा बचत करणारा. इथे प्रवेश जन्माने मिळत नाही, ओळखीच्या कोणीतरी हमी द्यावी लागते. कसूर हप्ता चुकल्यावरच कळते आणि माणूस खोली बदलून नाहीसा होऊ शकतो. म्हणून नवख्याला पहिली पाळी सहसा देत नाहीत. अनोळखी शहरातही विश्वास असतो, पण तो छोट्या हिशेबांत, पाळीपाळीने कमवावा लागतो.

मग गाव सरस? इथेच घाई होते. मेंढ्याची सहमती गाव म्हणून नव्हे, तर लहान आकार, एकच समाज आणि सामाईक जंगल यांच्या जोरावर उभी राहिली. बलुतेदारीच्या गावातही माणसे एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखत होती. पण त्या ओळखीनेच कोणी कोणत्या विहिरीवर जायचे ते ठरत असे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घ्यायला लाखो लोक जमले, ते गावकुसाबाहेरच्या कोण्या माळावर नव्हे, नागपुरात. गाव सोडून येण्याची वाट असणे, हीदेखील शहराच्या पुंजीतली एक नोंद आहे.

म्हणून तुलना गाव आणि शहर यांची करू नये, नियमांची करावी. आणि वरच्या तीन प्रश्नांत चौथा घालावा: ज्याला हे बंधन नको असेल, त्याला बाहेर पडता येते का?