सदतीस, सदुसष्ट आणि एक हरवलेलं खरेदीखत

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जमिनीची जुनी खरेदीखतं, पावत्या आणि सावकाराच्या चिठ्ठ्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी त्यातले चाळीसेक कागद मोबाइलवर टाइप करून एका फाइलमध्ये ठेवले. महिन्याभराने काकांचा फोन आला. विहिरीच्या बाजूचा तुकडा आजोबांनी १९६७ साली घेतला होता, त्याचा कागद सापडतो का, असं ते विचारत होते. वाटणीची बोलणी सुरू होती. मी फाइलमध्ये ‘सदुसष्ट’ शोधलं. काहीच आलं नाही. काकांना सांगून टाकलं, कागद नाही.

कागद होता. लिहिणाऱ्याने ‘सन एकोणीसशे सदुसष्ठ’ लिहिलं होतं आणि मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. आपण वाचताना ट आणि ठ मधला फरक सहज ओलांडून जातो, पण फोनसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. चार दिवसांनी पेटी पुन्हा उपसली तेव्हा ते खरेदीखत हाताला लागलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. एकवीस ते नव्याण्णव हे शब्द इतके आडवेतिडवे का आहेत, आणि त्यातलं कुठलं रूप धरावं? ‘नव्याण्णव’ की ‘नव्व्याण्णव’, हे या वाक्यातसुद्धा ठरवावं लागतंच.

उत्तराची एक सुरुवात आमच्या वाशिममध्येच आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट इथे १९३९ साली सापडला. तो चौथ्या शतकातला आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. राजाच्या कारकिर्दीचं वर्ष सदतीस, पण ते शब्दात लिहिलेलं नाही. तीससाठी एक चिन्ह आणि त्यापुढे सातसाठी दुसरं. शून्य आणि स्थानाप्रमाणे किंमत ही पद्धत त्या लेखनात नाही, म्हणून तीसचं स्वतःचं चिन्ह लागतं. थोडक्यात, लिहिणाऱ्याने ‘तीस, सात’ असं कोरलं.

बोलणारा मात्र उलट्या क्रमाने बोलत होता. संस्कृतात सप्तत्रिंशत्, म्हणजे आधी सात, मग तीस. प्राकृतात त्याचं सत्ततीस झालं. पुढे ‘सत्त’ झिजून ‘सद’ झालं आणि आपला सदतीस तयार झाला. लिहिण्याचा क्रम एक आणि बोलण्याचा दुसरा, ही अडचण म्हणजे निदान सोळाशे वर्षांची आहे.

२०१९ साली ती पुन्हा वर आली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचनही दिलं गेलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मुलं २१ लिहिताना आधी दोन लिहितात आणि बोलताना आधी एक म्हणतात, शिवाय जोडाक्षरं अवघड, हा त्यामागचा विचार होता. राज्यभर गदारोळ झाला. नॉर्वेमध्ये हाच बदल १९५१ साली अधिकृतपणे झाला, टेलिफोनचे आकडे सांगताना चुका होऊ नयेत म्हणून. तरी तिथे जुनी पद्धत बोलण्यातून अजून गेलेली नाही. तोंडातली संख्या आदेशाने हलत नाही. म्हणून मला वाटतं, आपल्या हातात उरतं ते एवढंच की लिहिताना एक रूप धरायचं. आणि ते कुठलं, हे बऱ्याचदा शब्दाचा इतिहासच सांगतो.

माझ्या हरवलेल्या कागदाचंच बघू. साठ म्हणजे संस्कृत षष्टि, त्यात ट. सहावी तिथी म्हणजे षष्ठी, त्यात ठ. चंपाषष्ठीचा ठ आपल्या डोळ्यांना इतका सवयीचा आहे की तो साठीच्या शब्दांत घुसतो. पण एकसष्ट, बासष्ट, पासष्ट, सदुसष्ट या सगळ्यांत साठ आहे, सहावा नाही. म्हणून ष्ट. इथे दोन पर्याय नाहीतच, एक बरोबर आहे आणि दुसरी चूक आहे.

नव्वदीची गंमत वेगळी. षट् आणि नवति यांचा संधी होऊन षण्णवति होतो. त्यातला दुहेरी ण आपल्या शहाण्णवमध्ये जिवंत आहे. ‘शहाण्णव कुळी’ म्हणताना तो ण आपण नीट दाबून म्हणतो. ब्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव, सगळीकडे तोच दुहेरी ण. ‘ब्याणव’ लिहिलं की तो निसटतो. या ओळीतला शेवटचा शब्द एका बाबतीत वेगळा आहे. एकोणतीस, एकोणनव्वद यांत ‘एक उणा’ म्हणून पुढच्या दशकावरून मोजतात, पण नव्व्याण्णवमध्ये नऊ सरळ मिळवलेला आहे. तो ‘नव्व’ असा जोर देऊन म्हटला जातो, म्हणून मी दुहेरी व ठेवतो, आणि वर सुरुवातीला सवयीने लिहिलेलं ‘नव्याण्णव’ आता सोडून देतो.

पन्नाशीत आणखी एक खूण आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला प मऊ होऊन व होतो. त्यामुळे एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न असे व असलेले शब्द झाले. त्रेपन्न, चोपन्न आणि छप्पन्न या तिघांनी प सोडला नाही. तीन लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप जमतात.

सगळीकडे इतिहास निकाल देत नाही. अठ्ठावीस घ्या. प्राकृतात अट्ठावीस, आणि उच्चारही तसाच, कारण दोन ठ लागोपाठ तोंडातून निघत नाहीत. पण मराठी छपाईत अठ्ठावीस रुळलंय. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. अशा वेळी मी वापरातलं रूप घेतो, पण मग ते २८, ४८, ५८, ७८, ८८ आणि ९८ या सहाही ठिकाणी ठेवतो. अठ्ठावीस आणि अट्ठावन्न एकाच कागदावर आले की शोध फसणार हे नक्की. ३८ आणि ६८ मात्र अडतीस आणि अडुसष्ट, तिथे ठ झिजून ड झालाय.

मोबाइलवर आणखी एक सापळा आहे, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. चौऱ्याण्णवमधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर (U+0931) असतं, दुसऱ्यात साधा र (U+0930), हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मजकुरातला शब्द कॉपी करून शोधखिडकीत टाकायचा, मग तोच शब्द स्वतःच्या कीबोर्डने टाइप करून शोधायचा. सापडलेल्या जागांची संख्या वेगळी आली की घोळ आहे.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. जुन्या कागदांचा मजकूर बदलला नाही, कारण खरेदीखतात लिहिणाऱ्याची चूकही पुरावा असते. प्रत्येक कागदाच्या वर मी स्वतः एक ओळ जोडली. साल आणि रक्कम आधी आकड्यांत, मग माझ्या ठरलेल्या रूपात. एकवीस ते नव्व्याण्णवची यादी एकदाच करून नोट्समध्ये ठेवली आहे, आणि शब्द तिथूनच उचलतो.

विहिरीच्या तुकड्याच्या कागदावर आता लिहिलंय, ‘१९६७, एकोणीसशे सदुसष्ट’. खाली मूळ मजकुरात ठ तसाच आहे.