मुलींच्या वसतिगृहाचे अंदाजपत्रक (न्याससंचालित)

सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या वार्षिक जमाखर्चाचा आगाऊ आराखडा. महाराष्ट्रात विहित मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 31अ नुसार हिशेबवर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागते. एप्रिल-मार्च वर्ष पाळणाऱ्या न्यासाला म्हणजे फेब्रुवारीअखेर. प्रवेश मात्र जूननंतर होतात, त्यामुळे जमेचा सर्वांत मोठा आकडा अंदाजानेच मांडावा लागतो. प्रवेश संपल्यावर तो सुधारून घेणारे विश्वस्त मंडळ शहाणे.

पुढील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तालुक्याच्या गावी 80 खाटांचे वसतिगृह आहे, खाणावळीचा हिशेब वेगळा आहे आणि वार्षिक शुल्क 36,000 रुपये आहे. सर्व खाटा भरल्या तर 28,80,000 रुपये जमा होतील, आणि अनेक अंदाजपत्रकांत हाच आकडा लिहिला जातो. प्रत्यक्षात एखादी मुलगी दिवाळीनंतर घरी परतते, एखादीला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळतो. म्हणून सरासरी 74 मुली धराव्यात. शुल्क होते 26,64,000.

यातून सवलत वजा होते. बारा मुलींना निम्मे आणि चौघींना पूर्ण शुल्क माफ असेल, तर सवलत 3,60,000 रुपयांची झाली. बरेच लेखनिक थेट निव्वळ शुल्क लिहितात. मग सवलत कागदावर दिसतच नाही आणि ती कोण सोसते हा प्रश्न कोणी विचारत नाही. पूर्ण शुल्क जमेला आणि सवलत खर्चाला दाखवावी. सवलतीसाठी राखलेल्या 20 लाखांच्या कायम निधीवर सात टक्क्यांनी 1,40,000 रुपये व्याज आले, तर उरलेले 2,20,000 पूर्ण शुल्क भरणाऱ्या 58 मुलींवर पडतात, म्हणजे प्रत्येकीवर सुमारे 3,800 रुपये. देणगीदारापुढे ठेवायला याहून स्पष्ट आकडा नाही. शासनाचा निर्वाह भत्ता थेट मुलीच्या बँक खात्यात येतो, तोही बहुधा उशिरा. त्यामुळे त्याला सवलत न म्हणता शुल्काची मुदतवाढ म्हणून नोंदवणे बरे.

खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा. रेक्टर 20,000, सहायक रेक्टर 14,000, दोन सफाई कामगार 24,000 आणि अर्धवेळ हिशेबनीस 6,000. चौकीदारीत हमखास चूक होते. तीन पाळ्या म्हणून तीन माणसे धरतात, पण आठवड्याचे 168 तास आणि एका माणसाचे 48, म्हणजे साडेतीन माणसे लागतात. अर्धा माणूस धरला नाही की साप्ताहिक सुटीच्या रात्री फाटकावर कोणी नसते, किंवा रेक्टर जागते. साडेतीन माणसांचे दरमहा 49,000 धरून महिन्याचे वेतन 1,13,000 होते. मुली वसतिगृहात दहा महिने राहतात, पगार बारा महिने द्यावा लागतो. बोनस, उपदान व इतर देणी यांसाठी पंधरा टक्के धरल्यास वर्षाला सुमारे 15,60,000. भविष्यनिर्वाह निधीची 20 कर्मचाऱ्यांची मर्यादा मोजताना न्यासाच्या शाळा व इतर शाखाही एकत्र धरल्या जातात, हे छोट्या वसतिगृहांच्या ध्यानात येत नाही.

विजेसाठी 3,00,000 धरले आहेत. महावितरणचे घरगुती दर युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. संपूर्ण इमारत एकाच मीटरवर असेल तर जवळजवळ सगळा वापर वरच्या टप्प्यात जातो. गीझरऐवजी सौर बंब बसवण्याचा खर्च याच कारणाने लवकर वसूल होतो. पाण्याचे प्रमाण माणशी रोज 135 लिटर धरले, तर 74 मुलींना सुमारे 10,000 लिटर लागते. उन्हाळ्यात नळ आटल्यावर परीक्षा देणाऱ्या मुली राहिल्या असतील तेवढ्या प्रमाणात टँकर मागवावा लागतो. पाण्याला 90,000, दुरुस्ती व रंगकामाच्या निधीला 3,00,000, विमा, कॅमेरे, इंटरनेट वगैरेंना 1,20,000 धरून सवलत सोडून एकूण खर्च 23,70,000 होतो.

सवलत वजा जाता शुल्क 23,04,000 आणि निधीचे व्याज 1,40,000 मिळून 24,44,000; शिल्लक 74,000. आणखी दोन खाटा वर्षभर रिकाम्या राहिल्या तर उरतात 2,000 रुपये. सर्व खाटा भरलेल्या धरून सवलत विसरणाऱ्या अंदाजपत्रकात हीच शिल्लक साडेसहा लाख दिसते.

अनामत हे उत्पन्न नव्हे, ताळेबंदातील देणे आहे. प्रत्येकी 5,000 प्रमाणे 74 मुलींचे 3,70,000 पहिल्याच वर्षी बँकेत येतात आणि वसतिगृह सधन वाटू लागते. ती रक्कम पगाराला वापरली तर जोवर तेवढ्याच नव्या मुली येतात तोवर काही कळत नाही, कारण नवीची अनामत जुनीला परत दिली जाते. प्रवेश घटले त्या वर्षी सगळे उघडे पडते. ओळखण्याची खूण सोपी आहे: 31 मार्चला अनामत नोंदवहीची बेरीज आणि त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या मुदत ठेवीच्या पावत्या जुळल्या पाहिजेत. मोडतोडीची वजावट खोली ताब्यात घेताना मुलीच्या सहीने नोंदवावी, आणि परताव्याची मुदत प्रवेशपत्रिकेतच छापावी.