सिंक रोज रात्री चालतं, तरी पिकाची नोंद जुनीच का दिसते? दोन विभागांमधला सेवा करार समजून घ्या

ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. नोंद होते महसूल विभागाकडे. पण सोयाबीन हमीभावाने विकायचं असेल, तर सातबाऱ्यावर ते पीक आहे का, हे खरेदीच्या बाजूला तपासावं लागतं. म्हणजे माहिती एका विभागाची आणि गरज दुसऱ्या विभागाला.

अशी माहिती रोज रात्री आपोआप पाठवायची ठरली, तर दोन्ही विभागांत एक टिपणी व्हावी लागते. तिलाच सेवा करार म्हणतात. ती कशी असते, हे पाहण्यासाठी खाली एक काल्पनिक उदाहरण घेतलं आहे. देणारा विभाग महसूल, घेणारा पणन आणि शेतकरी वाशिम जिल्ह्यातल्या धनजचा.

'रोज रात्री' म्हणजे किती जुनी माहिती?

समजा, टिपणीत ठरलं: रात्री 12 वाजेपर्यंतच्या नोंदी 1 वाजता पाठवायच्या आणि सकाळी 7 वाजता त्या खरेदी केंद्राच्या स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत.

धनजच्या शेतकऱ्याने रविवारी रात्री 11:50 ला नोंद केली, तर ती सोमवारी सकाळी 7 वाजता दिसेल. तीच नोंद 20 मिनिटं उशिरा, म्हणजे सोमवार लागल्यावर 12:10 ला केली, तर ती मंगळवारी सकाळी 7 ला दिसेल. जवळपास 31 तासांनी! इथे कुणाचीही चूक झालेली नाही. मधली एक रात्र सिंक चुकलं, तर हाच वेळ 55 तासांवर जातो.

म्हणून "माहिती रोज अपडेट होईल" हे वाक्य करारात पुरेसं नसतं. तिथे असं लिहावं लागतं: "सकाळी 7 वाजता स्क्रीनवरची माहिती आदल्या मध्यरात्रीपर्यंतची असेल, महिन्यात जास्तीत जास्त दोन दिवस चूक चालेल." ताजेपणा मोजायचा तो वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर. पाठवणाऱ्याच्या बाजूला 'काम पूर्ण' दिसत असतानाही कालचीच फाईल पुन्हा गेलेली असू शकते.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक फाईलसोबत दोन गोष्टी पाठवायच्या: माहिती कोणत्या वेळेपर्यंतची आहे आणि एकूण नोंदी किती. घेणारा विभाग त्या जुळवून पाहतो. स्क्रीनवरही 'माहिती अमुक तारखेच्या मध्यरात्रीपर्यंतची' असं दिसलं पाहिजे.

दुरुस्ती कुठे हरवते?

अॅपमध्ये केलेली नोंद 48 तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय आहे. समजा, शेतकऱ्याने चुकून तूर निवडली आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीन केलं. सिंक 'काल तयार झालेल्या नोंदी' उचलत असेल, तर ही दुरुस्ती कधीच पोहोचणार नाही, कारण नोंद तयार झाली परवा. केंद्रावर तूरच दिसत राहील आणि नोंदींची संख्या मात्र बरोबर जुळेल. त्यामुळे टिपणीत 'काल तयार झालेल्या किंवा बदललेल्या नोंदी' असे शब्द हवेत.

रात्री बिघाड झाला तर फोन कुणाला?

बहुतेक भांडणं इथेच होतात. उदाहरणातली वाटणी अशी करता येईल:

- 2 वाजेपर्यंत फाईल आली नाही किंवा संख्या जुळली नाही, तर जबाबदारी महसूलच्या ड्युटीवरच्या माणसाची. पणनकडून त्याला फोन जाईल.
- फाईल नीट आली, पण चढली नाही, तर काम पणनचं.
- 5 वाजेपर्यंत जमलं नाही, तर प्रयत्न थांबवायचे. अर्धवट फाईल चढवायची नाही. कालची पूर्ण माहिती तारखेसह ठेवायची आणि केंद्रांना 7 च्या आत कळवायचं.
- फाईलमधला एखादा रकाना बदलायचा असेल, तर महसूलने सात दिवस आधी सांगायचं.

अर्धवट फाईल का नको? जुनी माहिती जुनी म्हणून ओळखता येते. अर्धवट फाईलमध्ये मात्र काही गावं ताजी असतात, काही गायब असतात आणि 'नोंद नाही' हे खरं की बिघाड, हे कुणालाच कळत नाही.

कराराची मर्यादा

माहिती किती वेळात पोहोचेल, एवढंच हा करार सांगतो. नोंद खरी आहे का, हे नाही; त्यासाठी प्रत्यक्ष पडताळणीच लागते. शिवाय एक कलम माणसांसाठी हवं: सिंक चुकलेल्या दिवशी 'स्क्रीनवर नाही' म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू नये, त्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पाहावा. नोंदणीचा तो शेवटचा दिवस असेल, तर चुकलेल्या एका रात्रीपायी त्याला तेच सोयाबीन बाजारात मिळेल त्या भावाने विकावं लागेल.