चूक आत, दुरुस्ती वर

सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर मी एकदा दोन पानं लिहिली होती. साल 2004. आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका होती आणि कुणाला तरी दोन पानं भरून हवी होती. दत्तजयंतीची यात्रा, एकमुखी दत्ताचं देऊळ, तापीचा काठ, लांबून लांबून आलेले घोडे, सगळं अगदी रंगवून लिहिलं. आणि पहिल्याच वाक्यात ठोकून दिलं, "धुळे जिल्ह्यातील सारंगखेडा".

स्मरणिका वाटून झाली आणि शहादा तालुक्यातला एक सहकारी जागेवर आला. "भाऊ, लेख झकास आहे. पण आम्हाला नंदुरबार जिल्ह्यात जाऊन सहा वर्षं झाली ना!"

बरोबर होतं त्याचं. 1 जुलै 1998 ला धुळे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि शहादा तालुका नंदुरबारकडे गेला. मी संदर्भाला घेतलेलं पुस्तक त्याच्या आधीचं होतं. गंमत म्हणजे ते पुस्तक चुकलेलं नव्हतं. त्याच्या दिवशी ते खरंच होतं. त्याहून मागे गेलात तर हेच गाव पश्चिम खानदेशात सापडेल, आणि 1906 च्या आधीच्या कागदात नुसतं खानदेश जिल्ह्यात. यातलं काहीच दुरुस्त करायला नको. शिळी झालेली माहिती वेगळी आणि लिहिली त्या दिवशीच खोटी असलेली माहिती वेगळी. चूक पुस्तकाची नव्हती, माझी होती.

मग आली अडचण. वाटलेल्या प्रतींच्या डोक्यावर मी दुरुस्ती चिकटवणार कशी? पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर एक ओळ टाकली. ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. असो. माझ्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नाही. पण हीच अडचण मराठी वृत्तपत्रसृष्टीत एकदा फार महागात पडली होती. गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत असते, पण आपण ती तुरुंगवासाची गोष्ट म्हणून वाचतो. मला ती दुरुस्तीची गोष्ट म्हणून सांगायची आहे.

जानेवारी 1881 मध्ये पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन साप्ताहिकं सुरू झाली. 'केसरी' मराठीत, 'मराठा' इंग्रजीत. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघांचंही वय पंचविशीच्या आसपास. त्या सुमारास कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, म्हणजे दत्तक आलेला एक तरुण मुलगा, वेडे आहेत असं सरकारकडून सांगितलं जात होतं. कारभार होता रावबहादूर माधवराव बर्व्यांच्या हातात. महाराजांचा छळ चालला आहे, वेड आहे की नाही देव जाणे पण या वागणुकीनं लागेल, असा लोकांचा संशय होता. दोन्ही पत्रांनी हा प्रश्न हिरीरीनं लावून धरला.

इथवर सगळं ठीक होतं. एका संस्थानाच्या राजाला नीट वागवा असं म्हणणं हा काही गुन्हा नाही. पण मग काही पत्रं पुढे आली. ती बर्व्यांची म्हणून दाखवली गेली, आणि त्यावरून बर्वेच महाराजांविरुद्धच्या कटात आहेत असं दिसत होतं. आता बघा, संशय आणि पुरावा यात केवढा फरक असतो. "महाराजांचे हाल होताहेत" हे एक विधान. "हे हाल अमुक माणसानं ठरवून केले आणि हे त्याचं हस्ताक्षर" हे अगदी दुसरं विधान. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. पण ज्याला पहिलं मनापासून पटलेलं असतं त्याला दुसरं तपासावंसं वाटत नाही. पत्रांच्या आधारावर मजकूर छापला गेला.

बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली. आणि खटला चालू असताना उघड झालं की ती पत्रं बनावट आहेत.

संपादकांनी माफी मागितली. आडपडदा न ठेवता मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. 17 जुलै 1882 ला दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघं 26 ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस' हे पुस्तक लिहिलं.

माफी मागूनही शिक्षा का? भारतीय दंड विधानाचं कलम 499 तेव्हा लागू होतं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नं घेतली, पण सांगाडा तोच आहे. त्यात बचावाचे काही अपवाद दिले आहेत. मजकूर खरा आहे आणि तो छापणं लोकहिताचं आहे, हा एक. दुसरा, सद्भावनेनं आणि लोकहितासाठी लिहिलं, हा. आता सद्भावना म्हणजे मन स्वच्छ होतं एवढंच नव्हे बरं का. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेलं तेच सद्भावनेनं केलेलं. पत्र खरं वाटलं हे पुरत नाही, ते खरं आहे का हे पाहण्यासाठी काय केलं ते सांगावं लागतं. आणि माफी या अपवादांच्या यादीत नाहीच. माफीनं न्यायाधीशाचं मन मऊ होईल, शिक्षा कमी होईल, पण छापलेलं न छापलेलं होत नाही.

याच्यामागे कायद्यापेक्षा साधं कारण आहे. साप्ताहिकाचा अंक एकदा गेला की गेला. तो वाड्यात, पारावर, वाचनालयात हातोहात फिरतो. दुरुस्ती येणार ती लवकरात लवकर पुढच्या आठवड्यात, वेगळ्या कागदावर, आणि तो कागद त्याच माणसाच्या हातात पडेलच असं नाही. जुना अंक मात्र पहिल्याइतक्याच ठामपणे बोलत राहतो. छापील जगात मूळ मजकुराच्या डोक्यावर जाऊन बसणारी दुरुस्ती एकाच ठिकाणी जमली, ती म्हणजे पुस्तकातलं शुद्धिपत्र. पानं छापून झाली, बांधणी व्हायची आहे, तेवढ्यात सापडलेल्या चुकांचं पान पुस्तकात घालता यायचं. ज्या प्रकाशकाला वाचकाची काळजी असे तो ते पुढे लावी आणि वाचण्याआधी प्रत दुरुस्त करून घ्या म्हणे. ज्याला नसे तो मागे लावी.

कोल्हापूर प्रकरणाचा शेवट आणखी विचार करायला लावतो. टिळक-आगरकर सुटल्यावर वर्षभरानं, 25 डिसेंबर 1883 ला, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांच्यावर देखरेखीला ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे पत्रं खोटी होती, पण महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. खोट्या पत्रांनी नुकसान केलं ते एकट्या बर्व्यांचं नाही. खरी तक्रारही त्या पत्रांबरोबर कोर्टात आपटली.

म्हणून मला वाटतं, दुरुस्तीचं खरं काम क्षमा मागणं हे नाही. काय पडलं आणि काय उभं राहिलं याची रेघ मारणं हे तिचं काम. त्या लेखांच्या डोक्यावर आज चार ओळी लिहायच्या झाल्या तर त्या काहीशा अशा होतील: "या लेखात रावबहादूर बर्वे यांची म्हणून ज्या पत्रांचा आधार घेतला आहे ती बनावट असल्याचे सिद्ध झाले आहे. त्या पत्रांवर आधारलेला बर्वे यांच्याविषयीचा सर्व मजकूर आम्ही मागे घेतो. महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीचा उरलेला मजकूर या पत्रांवर अवलंबून नाही." बघा, यात आरोप काय होता ते पुन्हा उगाळलेलं नाही. बदनामीच्या दुरुस्तीत हे पथ्य पाळावंच लागतं, नाहीतर माफीच्या निमित्तानं तोच आरोप दुसऱ्यांदा छापला जातो.

जिथे कुणाची अब्रू गुंतलेली नाही तिथे मात्र चुकीचं वाक्य स्पष्ट सांगायलाच हवं. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं 13 जानेवारी 1920 ला रॉबर्ट गोडार्ड या शास्त्रज्ञाची टिंगल केली होती. निर्वात पोकळीत रॉकेट कसं चालेल, एवढंही याला कळत नाही, असा सूर होता. 17 जुलै 1969 ला, अपोलो 11 उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी दुरुस्ती छापली. आम्ही काय म्हणालो होतो, आता काय निश्चित झालं आहे, आणि चुकीबद्दल खेद. तीनही गोष्टी आल्या. पण मधे 49 वर्षं गेली होती आणि गोडार्ड 1945 सालीच वारले होते.

आपल्याकडे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत चूक कळताच आपणहून, तातडीनं आणि योग्य ठळकपणे दुरुस्ती छापावी असं म्हटलं आहे. 'योग्य ठळकपणे' म्हणजे किती, हा वादाचा मुद्दा. माझी कसोटी साधी आहे. चुकीचं वाक्य काढून टाकलं तर लेखाचा निष्कर्ष हलतो का? किंवा कुणाच्या नावाला धक्का लागला होता का? दोन्हीपैकी एकाचं उत्तर हो असेल तर दुरुस्ती डोक्यावर, पहिल्या वाक्याच्या आधी, तारखेसकट. नसेल तर तळाशी चालेल. पण गुपचूप वाक्य बदलून मोकळं होणं कधीच चालायचं नाही. ज्यानं काल वाचलं त्याला आज आपलीच आठवण चुकली असं वाटतं. कोड बदलून नोंद न करणाऱ्या सहकाऱ्याला आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे!

या कसोटीला माझी सारंगखेड्याची चूक तळाशी जाते. जिल्हा बदलला तरी घोडे तेच, यात्रा तीच. तरी ती कागदावरची प्रत माझ्याकडे आहे, आणि तिच्यावर मी पेनानं पहिल्या ओळीच्याही वर लिहून ठेवलंय: "दुरुस्ती. सारंगखेडा 1 जुलै 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. खाली धुळे लिहिले आहे ते चूक." बाकीच्या प्रती अजूनही कुणाकुणाच्या कपाटात धुळेच सांगत असतील.