डीएनएची नक्कल : एक धागा सलग, दुसरा तुकड्यातुकड्यांत का?

लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू कारणीभूत असतो. त्याच्या गोलाकार डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात आणि त्या सगळ्यांची नक्कल साधारण ४० मिनिटांत पूर्ण होते. एका ठिकाणी सुरुवात होते आणि तिथून दोन फोर्क विरुद्ध दिशांना सरकू लागतात.

फोर्कवर हेलिकेज हे एन्झाइम झिप उघडावी तसे दोन धागे वेगळे करते. त्यामुळे पुढच्या भागात पीळ वाढत जातो. गायरेज तिथे डीएनए क्षणभर कापते, पीळ सैल करते आणि पुन्हा जोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध नेमके इथेच काम करते : कापलेल्या अवस्थेतच गायरेजला अडकवून ठेवते. डीएनए तुटलेला राहतो आणि जिवाणू मरतो.

आता मूळ अडचण. नवा धागा बांधणारे डीएनए पॉलिमरेज ३ फक्त धाग्याच्या ३′ टोकालाच नवे अक्षर जोडू शकते, आणि कोऱ्या जागेवरून सुरुवात तर त्याला करताच येत नाही. प्रायमेज आधी आरएनएचा दहाएक अक्षरांचा प्रायमर लावून देते. मूळ दोन धागे उलटसुलट दिशेने असल्यामुळे एका बाजूला पॉलिमरेज फोर्कच्या मागोमाग सलग धावते. हा लीडिंग स्ट्रँड.

दुसऱ्या बाजूचे काय? समजा फोर्क आणखी १५०० अक्षरे उघडला. तिथे फोर्कजवळ नवा प्रायमर लागतो आणि पॉलिमरेज फोर्ककडे पाठ करून, आधीच्या तुकड्यापर्यंत बांधत जाते. फोर्क पुढे सरकला की पुन्हा तेच. हा लॅगिंग स्ट्रँड. विद्यार्थी इथे हमखास चुकतात : हा धागा उलट्या दिशेने वाढत नाही, प्रत्येक तुकडा ५′ कडून ३′ कडेच बनतो. या हिशेबाने एका नकलेत असे सुमारे तीन हजार तुकडे होतात.

मग डीएनए पॉलिमरेज १ आरएनएचा प्रायमर काढून त्या जागी डीएनए भरते. तरीही दोन तुकड्यांमध्ये एक बारीक चीर उरते. ती लायगेज सांधते.

हे तुकडे खरेच असतात हे १९६८ च्या सुमारास जपानमधील नागोया येथे रेईजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने दाखवले. जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन दिले, तर ते आखूड तुकड्यांत सापडे. थोडा जास्त वेळ दिला की लांब धाग्यांत. लायगेज सदोष असलेल्या पेशींत मात्र आखूड तुकडे साचतच राहिले.

आपल्या पेशींतही पद्धत हीच आहे, पण हे तुकडे बरेच आखूड, साधारण १०० ते २०० अक्षरांचे असतात आणि पॉलिमरेज वेगळी असतात.